रंगाचा आकडा आणि फटीची रेघ

उमरीत जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाची एक अडचण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला नसते. त्याला गाडी गावात क्वचितच मिळते. उमरी हे सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला धर्माबाद, आणि बासरची गोदावरी ओलांडली की निजामाबाद. त्यामुळे दारात उभी राहणारी जुनी गाडी एमएच २६ ची असते, लातूरकडची एमएच २४ ची असते किंवा तेलंगणातली टीएस, अलीकडे टीजी पाटीची असते. गावातल्या गाडीचा इतिहास गावाला माहीत असतो. कुणी कुठल्या पुलाला घासली आणि कुणाच्या पोराने ट्रॉलीवर घातली, ते चौकात सांगणारे दहा जण भेटतात. बाहेरच्या गाडीचं तसं नाही. तिच्याबद्दल विकणारा जे सांगतो तेवढंच हातात असतं, आणि विकणारा सांगतो, "एक हात पेंट नाही, सगळं ओरिजिनल आहे."

हे तपासायचं यंत्र आता काही हजारांत मिळतं. त्याला रंगाची जाडी मोजायचा गेज म्हणतात. तळहातात मावतो, पुढे एक वाटोळं टोक असतं. ते पत्र्यावर टेकवलं की पडद्यावर मायक्रॉनमध्ये आकडा येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गेज हातात आल्यापासून आमच्या भागातली माणसं गाड्या जास्त नीट पाहू लागली, हे मी पाहतो आहे. पण एक चूकही सर्रास होते. आकडा मोठा आला की गाडी नापास करतात, आकडा छोटा आला की पास. असं करून चांगल्या गाड्या हातच्या जातात आणि वाईट गाड्या घरी येतात. उमरीतल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांसाठी दोन गाड्या तपासताना मी बरोबर होतो. त्या दोन गाड्यांवरून ही गोष्ट नीट सांगता येईल.

आधी यंत्र काय मोजतं ते पाहू. लोखंडी पत्र्यावर हा गेज चुंबकीय तत्त्वावर चालतो. टोक आणि लोखंड यांच्यामध्ये जितकं अंतर, तितका चुंबकीय परिणाम कमी. त्या अंतरालाच तो जाडी म्हणून दाखवतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी भोवरा प्रवाहाचं दुसरं तत्त्व लागतं. बऱ्याच गेजमध्ये दोन्ही सोयी असतात आणि पत्रा कुठला तेही पडद्यावर दिसतं. प्लास्टिकवर मात्र यातलं काहीच चालत नाही, म्हणून बंपर मोजता येत नाही. आणि गंमत अशी की गाडीत सगळ्यात जास्त वेळा रंगवला जातो तो बंपरच. तो रंगवलेला असला तरी त्यावरून गाडीबद्दल फारसं काही ठरत नाही.

कारखान्यात सगळा सांगाडा आधी रंगाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने पहिला थर बसवतात. तो साधारण वीस मायक्रॉनचा. त्यावर सरफेसर, मग रंगाचा पातळ थर, मग चमकणारा लॅकर. सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर ९० ते १५० मायक्रॉन भरतं. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांवर शंभराच्या आसपास आकडे नेहमी दिसतात. म्हणजे डोक्याच्या दीड-दोन केसांएवढी जाडी. हे काम यंत्रं करतात, म्हणून एकाच दारावर पाच ठिकाणी मोजलं तर आकडे दहा-वीस मायक्रॉनच्या आत राहतात. आडवं बॉनेट आणि उभं दार यांत थोडा फरक पडतो, तो चालतो.

गॅरेजमध्ये रंगवलेल्या पत्र्यावर जुना थर बहुधा तसाच राहतो आणि त्यावर नवा चढतो. त्यामुळे आकडा दोनशे-तीनशेच्या घरात जातो. पत्रा चेपला असेल तर डेंटर तो ठोकून, ओढून जवळपास सरळ करतो आणि उरलेला खड्डा लांबी भरून घासतो. लांबी हाताने भरलेली असते, म्हणून तिथे आकडा उड्या मारतो. इथे तीनशे, चार बोटांवर सातशे, त्याच्या खाली तेराशे. लांबी फारच जाड असेल तर काही यंत्रं आकडा दाखवणंच सोडून देतात.

म्हणून एका पत्र्यावर एकदा टोक टेकवून निकाल देऊ नये. सरासरी काय आली यापेक्षा आकडा एकाच पत्र्यावर किती हलतो हे जास्त सांगून जातं. सगळीकडे २३० ते २६० असेल तर ओरखडा गेला म्हणून किंवा रंग उडाला म्हणून दार नुसतं रंगवलं आहे. २२० ते १,२०० असेल तर त्या दाराला मार बसलेला आहे.

मोजण्याची रीतही सांगायला हवी, कारण इथेच अर्धे लोक चुकतात. गेजबरोबर एक कोरी लोखंडी चकती आणि ठरावीक जाडीची पातळ पट्टी येते. चकतीवर शून्य यायला हवं आणि पट्टी ठेवली की पट्टीवर छापलेला आकडा यायला हवा. तो येईपर्यंत गाडीला हात लावू नये. गाडी धुतलेली असावी, कारण धूळही मोजली जाते. मोजणी सकाळी, सावलीत करावी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, आणि स्वस्तातल्या यंत्राचा आकडा त्यावर सरकतो. टोक सपाट भागावर, काठापासून दोन बोटं आत, सरळ उभं टेकवावं. काठावर आणि वळणावर आकडा खोटा येतो. प्रत्येक पत्र्यावर पाच जागा घ्याव्यात, चार कोपऱ्यांकडे आणि एक मध्ये. दारांचा आणि चाकावरच्या पत्र्यांचा खालचा भाग विसरू नये, कारण लांबी बहुधा तिथेच असते. आकडे तोंडपाठ ठेवू नयेत. कागदावर गाडीची आकृती काढून जागच्या जागी लिहावेत. दहा मायक्रॉनच्या फरकावरून वाद घालू नये.

सरांसमोर आलेली पहिली गाडी नांदेडहून आली होती. २०१८ ची पांढरी पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर ५८ हजार किलोमीटर, मागणी चार लाख साठ हजार. दुरून पाहिली तर कुणीही घ्यावी अशी. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की मागच्या बंपरला टच-अप आहे, बाकी हात लागलेला नाही. आमच्याबरोबर नांदेडला डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे एक मामा होते. त्यांनी आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळे यंत्राआधी त्यांचा हात पत्र्यावर जायचा.

छत ९८ ते १०८ आलं. बॉनेट १०८ ते ११५. उजवी बाजू पुढून मागपर्यंत १०५ ते १२०, डिकीचं दार ११५. इथपर्यंत विकणारा खरा होता. डाव्या बाजूला पुढचं दार २६५ ते ३१०. मागचं दार २४० ते २९०, पण खालच्या कोपऱ्यात एका जागी ७८०. मग मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनल. वर ४२०, मध्ये ९००, चाकाच्या कमानीजवळ १,३००. दाराखालच्या पट्टीवर सहाशेच्या पुढे.

विकणारा म्हणाला, "दुचाकी घासली होती सर, म्हणून एका साइडला कलर केला."

मामा एवढंच म्हणाले, "दुचाकीनं हितपर्यंत लांबी लागत नसती."

पण सगळ्यात विचार करायला लावणारा पत्रा वेगळाच होता. डाव्या पुढच्या फेंडरवर १३८, १३५, १४०, १३८, १३६. एकसारखा, कारखान्याच्या मर्यादेत बसणारा आकडा. यंत्राच्या भरवशावर असता तर कुणीही तो ओरिजिनल म्हणून पुढे गेला असता. मामांनी बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर टॉर्च धरला. उजव्या बाजूच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग अखंड होता. डाव्या बाजूच्या बोल्टच्या कडांवरचा रंग पान्याने उडालेला होता. फेंडर नवा बसवला होता. नवा पत्रा कंपनीकडून पहिला थर लावूनच येतो आणि त्यावर गॅरेजने नीट रंग दिला की आकडा कारखान्यासारखाच येतो. म्हणजे ज्या पत्र्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तोच बदलला गेला, आणि गेजच्या कागदावर सगळ्यात निर्दोष तोच दिसत होता.

इथून पुढचं काम फटीचं. दार आणि दार, बॉनेट आणि फेंडर, डिकी आणि क्वार्टर यांच्यामधली मोकळी रेघ म्हणजे ही फट. ती बहुतेक गाड्यांत तीन ते पाच मिलिमीटरची असते. पण आकडा किती असावा याला फार महत्त्व नाही. मॉडेलप्रमाणे तो बदलतो. डावी फट उजव्या फटीसारखी आहे का आणि एकच फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, हे दोन प्रश्न विचारायचे. मोजायला वेगळं हत्यार लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर तीच. जुनी, मुदत संपलेली, सपाट कार्डं एकावर एक धरून फटीत सरकवायची आणि किती बसतात ते मोजायचं. कार्डाच्या उठावदार अक्षरांचा भाग टाळायचा, नाहीतर माप चुकतं. घासू नये म्हणून कडेला कागदी टेप लावायची.

उजव्या बाजूला मागचं दार आणि क्वार्टर यांच्यामध्ये वर, मध्ये, खाली पाच कार्डं बसली. डाव्या बाजूला वर चार कष्टाने गेली, मध्ये पाच गेली आणि खाली सात सैल गेली. फट वरून खाली रुंदावत होती. शिवाय दारावरून क्वार्टरकडे बोट फिरवलं की खालच्या बाजूला दार किंचित आत जात होतं. उजव्या बाजूला बोटाला काही अडत नव्हतं.

फट वाकडी दिसली म्हणजे अपघात झाला, असंही लगेच म्हणू नये. दाराचे बिजागर झिजले की दार मागच्या टोकाला खाली बसतं आणि फट बदलते. चालकाच्या दाराचं हे फार होतं, कारण तेच सगळ्यात जास्त उघडतं. ते ओळखायला दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलायचं. हाताला खेळ लागला तर बिजागर. इथे डावं मागचं दार घट्ट होतं. बिजागराचे बोल्टही कुणी फिरवलेले नव्हते. म्हणजे दार जागच्या जागी होतं. सरकलेली होती ती ज्याच्याशी फट जुळायची ती क्वार्टरची बाजू.

इथे गाडीचे पत्रे दोन जातींत वाटून घ्यावे लागतात आणि माझ्या मते ही वाटणी रंगाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे. बॉनेट, पुढचे फेंडर, दारं, डिकीचं दार हे बोल्टने बसवलेले भाग. ते काढता येतात, बदलता येतात आणि नीट बदलले तर गाडीच्या ताकदीत फरक पडत नाही. क्वार्टर पॅनल, छत, खिडक्यांमधले पिलर, दाराखालची पट्टी, डिकीचा तळ हे वेल्डिंगने सांगाड्याचा भाग झालेले असतात. त्यांना मार बसला तर सांगाड्याला बसला. जपानमध्ये जुन्या गाड्यांच्या लिलावात हा फरक काटेकोर पाळतात. तिथल्या तपासणीच्या कागदावर दुरुस्त केलेला पत्रा आणि बदललेला पत्रा वेगवेगळ्या खुणांनी दाखवतात, पण नुसता बोल्टचा फेंडर किंवा दार बदललं म्हणून गाडीवर अपघाताचा शिक्का बसत नाही. तो पिलर, छत, तळ, आतला सांगाडा यांना दुरुस्ती झाली असेल तरच बसतो. आपल्या बाजारात याच्या उलट चालतं. दाराला कलर म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, आणि पिलरकडे कुणी पाहत नाही.

सरांच्या गाडीत आता आत पाहायचं होतं. मामांनी डिकीतलं कार्पेट आणि डाव्या बाजूचं प्लास्टिकचं अस्तर मालकाच्या परवानगीने सोडवलं. कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडतात. त्याच्या खुणा म्हणजे बोटाच्या नखाएवढे वाटोळे खळगे, एका ओळीत, जवळपास सारख्या अंतरावर. उजव्या बाजूला ती ओळ स्वच्छ होती. डाव्या बाजूला चाकाच्या कमानीच्या आतल्या जोडावर ओळ मध्येच तुटत होती. तिथे सलग वेल्डिंगचा खडबडीत वळ होता, त्यावर ब्रशने काळा रंग फासलेला. जोडांवर रबरासारखा जो सीलर असतो, तो उजव्या बाजूला यंत्राने सोडलेल्या एकसारख्या रेघेत होता. डाव्या बाजूला तो बोटाने पसरवलेला होता आणि नख दाबलं की रुतत होता.

शेवटचं माप साध्या टेपचं. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजायचं. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन्ही मापं सारखी असतात. चार-पाच मिलिमीटरचा फरक आपल्या हाताचाच असतो. इथे डावी बाजू १४ मिलिमीटर कमी भरली. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. डाव्या मागच्या टायरची आतली कड उरलेल्या टायरपेक्षा जास्त खाल्लेली होती. या जातीच्या गाड्यांत मागच्या चाकाचा कोन पुढच्यासारखा सहज बदलता येत नाही. अलाइनमेंटवाल्याकडे नेलं तरी तो पुढचंच नीट करून देणार.

आता सगळं जुळवलं की गोष्ट उभी राहते. गाडीला डाव्या बाजूने मार बसला, पुढच्या फेंडरपासून मागच्या चाकापर्यंत. जोर मागच्या चाकावर आणि क्वार्टरवर आला. फेंडर बदलला, दारं सरळ केली, क्वार्टर ओढून लांबीने भरला आणि कमानीचा जोड कापून पुन्हा वेल्ड केला. मागचं चाक पूर्ण जागेवर आलं नाही. ही गाडी सरळ रस्त्यावर महिनोन्महिने चालेल आणि टायर खात राहील. पुन्हा त्याच बाजूने मार बसला तर तो भाग पहिल्यासारखा वागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आजकाल पिलर आणि आतल्या पट्ट्यांना जास्त ताकदीचं पोलाद वापरतात आणि ते तापवलं की नरम पडतं. गॅसची ज्योत लावून सरळ केलेला पिलर दिसायला सरळ असतो, पण ताकदीने तो आधीचा नसतो.

विकणाऱ्याने साठ हजार कमी करायची तयारी दाखवली. सरांनी नाही म्हटलं, आणि मला ते योग्य वाटलं. लांबीच्या दारासाठी किंमत कमी करून घ्यावी. सरकलेल्या सांगाड्यासाठी किती कमी करायची याचं गणित मांडता येत नाही.

दुसरी गाडी लातूरची होती. तीही २०१८ ची, थोडी जास्त चाललेली, ७१ हजार किलोमीटर. पहिलंच टोक छतावर टेकवलं आणि आकडा आला २३५. सर मागे सरले. छताला रंग म्हणजे गाडी पलटी झाली, असं सगळीकडे सांगतात, आणि ती शंका चुकीची नाही. पण मराठवाड्यात छताला रंग लागायची आणखी दोन साधी कारणं आहेत. एक ऊन. झाकण नसलेल्या जागी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा लॅकर छतावर आणि बॉनेटवर आधी पांढरा पडतो, मग पापुद्र्यासारखा निघतो. दुसरं गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी उभी पिकं झोडपली, तशी उघड्यावरच्या गाड्यांची छतंही चेपली. २०१८ ची ही गाडी त्या वर्षीची नव्हती, पण गारा त्यानंतरही पडतच आल्या आहेत. गारांचे खड्डे असतील तर छतावर ठिकठिकाणी लांबीचे छोटे उंचवटे सापडतात.

छतावर पंधरा-सोळा जागी मोजलं. २२५ ते २४५, कुठेही उडी नाही. बॉनेट २३० ते २५०, तेही सपाट. चारही दारं, चारही पिलर, दोन्ही क्वार्टर शंभर ते सव्वाशे. पलटी झालेल्या गाडीत छत आणि पिलर एकत्र मार खातात. इथे पिलरच्या मुळाशी, दार उघडल्यावर दिसणाऱ्या भागात, दोन्ही बाजूंना ८५ ते ९५ आले. आतल्या भागावर थर थोडे पातळ असतात, म्हणून हे बरोबर होतं. समोरच्या काचेच्या बीडिंगखाली रंगाची कडा होती, म्हणजे काच न काढता टेप लावून रंगवलं होतं. पलटी झालेल्या गाडीची पुढची काच सहसा वाचत नाही. ही काच पहिलीच होती, तिच्यावरचा निर्मितीचा शिक्का गाडीच्या वर्षाशी जुळत होता. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना पुढून मागपर्यंत पाच कार्डांची. बोल्ट अखंड. टेपचं माप दोन्ही बाजूंना सारखं.

मालकाला विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. "घर भाड्याचं होतं, गाडी उघड्यावरच. वरचा लॅकर निघायलाता म्हणून कलर करून घेतलो," म्हणाला.

मग कागद. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस ४५ टक्के होता. हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्यांनी चढतो. ४५ म्हणजे सलग चार वर्षं क्लेम नाही. रंगाच्या आकड्यांशी हे जुळत होतं. फक्त एक ध्यानात ठेवायचं. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. मालकाने आधीच्या गाडीवरून तो आणलेला असू शकतो, म्हणून जुन्या वर्षांच्या पॉलिसीही याच गाडीच्या आहेत का ते पाहावं. बोनस पूर्ण आहे आणि क्वार्टरवर हजार मायक्रॉन आहेत, असं निघालं तर मार बसला आणि खर्च खिशातून झाला, एवढाच अर्थ. तेव्हा दुरुस्ती कुठे झाली ते विचारावं.

गेजला पाणी दिसत नाही, हेही सांगून ठेवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पाणी गावांत शिरलं तेव्हा वाहनंही बुडाली. बुडालेल्या गाडीवर रंग शंभरच दाखवेल आणि फटी एकसारख्या असतील. तिथे सीटखालचं कार्पेट उचलून गाळ पाहायचा, सीटचे रूळ गंजलेत का पाहायचं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ शोधायची.

सरांनी दुसरी गाडी घेतली. छत आणि बॉनेटच्या रंगापोटी पंधरा हजार कमी करून. इसारपावती लिहिताना मामांच्या सांगण्यावरून आकृतीचा कागद तिला जोडला, त्यावर प्रत्येक पत्र्याचे आकडे, तारीख आणि दोघांच्या सह्या घेतल्या. गाडी नावावर व्हायला महिना लागला तर तेवढ्या दिवसांत कुठला पत्रा बदलला की नाही, हे घेताना पुन्हा मोजून पाहता यावं म्हणून.